आकडा वाढला, पण वाचक वाढले का?

फेब्रुवारी २०२१मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या तंत्रज्ञांसमोर एक विचित्र कोडे उभे राहिले. विकिपीडिया आणि तिच्या भगिनी प्रकल्पांचा डोलारा सांभाळणाऱ्या या संस्थेच्या एका डेटा सेंटरवर चित्रांसाठी येणाऱ्या एकूण मागण्यांपैकी सुमारे २० टक्के मागण्या एकाच छायाचित्रासाठी होत होत्या. छायाचित्र होते ॲस्टर जातीच्या एका जांभळ्या फुलाचे. दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा ते मागितले जात होते आणि या मागण्या येत होत्या भारतातून, इथल्या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांवरून. त्या फुलाबद्दल भारतात कुठेही चर्चा नव्हती, बातमी नव्हती, वादही नव्हता. मग रोज ९ कोटी वेळा ते पाहत होते कोण?

एखाद्या पानाचे, चित्राचे किंवा चित्रफितीचे दैनंदिन आकडे अचानक उसळले की साधारणपणे तीन शक्यता समोर येतात. पहिली, माणसांनीच ती गोष्ट एकमेकांना पाठवली आणि ती खरोखर पसरली. दुसरी, एखाद्या संगणकीय प्रणालीने, म्हणजे बॉटने, ते पान पुन्हा पुन्हा मागितले. तिसरी, वाचन वाढलेच नाही. मोजणारे यंत्र चुकले किंवा मोजण्याची पद्धत बदलली. आलेखावर तिन्हींचा सुळका सारखाच दिसतो. त्यांतला भेद ओळखण्याची साधने मात्र उपलब्ध आहेत, आणि त्यांचा वापर समजून घेण्यास विकिपीडियासारखे दुसरे ठिकाण नाही. कारण तिथले वाचनाचे आकडे कुणालाही, विनामूल्य आणि लेखागणिक पाहता येतात.

मोजले काय जाते?

जुलै २०१५पासूनची विकिपीडियाची लेखनिहाय आकडेवारी `pageviews.wmcloud.org` या पत्त्यावर पाहता येते. मराठी विकिपीडियावरील कोणत्याही लेखाचे नाव दिले की त्याचा रोजचा आलेख समोर येतो. मात्र केवळ एकूण आकडा पाहून थांबू नये. या आकड्याच्या आत दोन विभागण्या आहेत आणि पुढचा सगळा शोध त्यांवरच चालतो.

पहिली विभागणी ‘मागणारा कोण’ याची. `user` म्हणजे माणूस समजला गेलेला वाचक. `spider` म्हणजे आपली ओळख उघडपणे सांगणारा बॉट. शोधयंत्रांचे बॉट या गटात येतात. `automated` म्हणजे ओळख न सांगता माणसाचे सोंग घेऊन आलेला, पण वागणुकीवरून पकडला गेलेला बॉट. हा तिसरा गट २०२०मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या काळात असे सोंगाडे माणसांतच मोजले जात. त्यामुळे २०१९मधील एखादा सुळका आणि आजचा सुळका यांची तुलना करताना मोजपट्टी एकच नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी विभागणी साधनाची. वाचक संगणकावरून आला, मोबाइलच्या ब्राउझरवरून आला की मोबाइल ॲपमधून, हे वेगवेगळे मोजले जाते. ज्यांना हेच आकडे थेट हवे असतील त्यांना पुढील स्वरूपाच्या पत्त्यावर ते मिळतात. यात ‘पुणे’ या मराठी लेखाचे, जून २०२५मधील, मोबाइल ब्राउझरवरून आलेल्या मानवी वाचकांचे रोजचे आकडे मागितले आहेत.

```
https://wikimedia.org/api/rest_v1/metrics/pageviews/
per-article/mr.wikipedia/mobile-web/user/
पुणे/daily/20250601/20250630
```

पत्ता सलग एका ओळीत लिहायचा. येथे जागेअभावी तो तोडला आहे. `mobile-web`च्या जागी `desktop` आणि `user`च्या जागी `automated` असे शब्द बदलत गेले की सगळ्या विभागण्या हाती येतात.

आधी मोजपट्टी तपासावी

समजा, मराठी विकिपीडियावर एका लहानशा गिरिदुर्गाविषयी लेख आहे. रोज सरासरी ४० व्ह्यूज, त्यांपैकी ३० मोबाइलवरून. एका सोमवारी अचानक ६,२०० व्ह्यूज दिसतात. पहिला मोह होतो तो ‘लेख गाजला’ असे म्हणण्याचा. पण तपासाचा क्रम उलटा हवा. सर्वांत कंटाळवाणी शक्यता आधी निकालात काढावी, आणि ती म्हणजे मोजणीतील गडबड.

त्यासाठी शेजारचे, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-दहा लेख पाहावेत. किल्ल्याबरोबर एखादी भाजी, एखादा खेळाडू, एखादा रासायनिक पदार्थ, सगळेच त्याच दिवशी साधारण त्याच पटीने वाढले असतील, तर वाचकांना एकाएकी या सगळ्यांचे वेड लागलेले नाही. दोष मोजणीत आहे किंवा नियम बदलला आहे. माणसे निवड करतात. मोजपट्टी ताणली गेली तर ती सर्वांसाठीच ताणली जाते.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण यूट्यूबवर घडले. तिथे ‘शॉर्ट्स’ या छोट्या चित्रफितींचा व्ह्यू मोजण्याचा नियम ३१ मार्च २०२५ रोजी बदलला. त्याआधी चित्रफीत काही काळ पाहिली गेली तरच व्ह्यू धरला जाई. त्या दिवसापासून ती सुरू झाली किंवा पुन्हा सुरू झाली की व्ह्यू धरला जाऊ लागला. प्रेक्षक तेच, पाहणे तेच, पण आकडे चढले. जुन्या पद्धतीचा आकडा यूट्यूबने वेगळ्या नावाने चालू ठेवला. त्यामुळे ज्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले, त्यांना वाढ कुठून आली हे कळले. इतरांच्या आलेखावर एप्रिल महिना यशाचा म्हणून नोंदला गेला.

एकाच लेखापुरतीही मोजणीची फसवणूक होऊ शकते. विकिपीडियावर व्ह्यूज लेखाच्या शीर्षकानिशी मोजले जातात. शीर्षक बदलले की जुन्या नावाचा आलेख खाली कोसळतो आणि नव्या नावाचा आलेख शून्यातून उठतो. शुद्धलेखनासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलणे किंवा नावापुढे कंसात ‘किल्ला’ जोडणे एवढेही त्याला पुरते. म्हणून लेखाचा ‘इतिहास’ उघडून त्या दिवशी स्थलांतर झाले काय, ते पाहावे. झाले असल्यास दोन्ही नावांच्या आकड्यांची बेरीज करावी. बेरीज पूर्वीएवढीच आली, तर प्रश्न तिथेच मिटला.

आणखी एक बारकावा भारतीय वाचकांसाठी महत्त्वाचा आहे. विकिपीडियाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच वाजता सुरू होतो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे निधन झाले तेव्हा तिथे २९ डिसेंबर २०२४ची दुपार होती, तर भारतात ३० तारखेचे पहाटेपूर्वीचे तास. आकडेवारीत ती गर्दी २९ तारखेलाच सुरू झालेली दिसते. भारतीय तारीख मनात धरून पाहणाऱ्यास बातमीच्या आधीच वाचक जमले, असा चमत्कार त्यात दिसेल. तो चमत्कार केवळ घड्याळाचा असतो.

आपल्या किल्ल्याच्या बाबतीत समजा शेजारचे लेख स्थिर आहेत, शीर्षक बदललेले नाही आणि आकडे दुसऱ्या दिवशीही तेच आहेत. मोजणी निर्दोष ठरली. आता प्रश्न उरतो, माणूस की यंत्र?

माणसांच्या गर्दीची चाल

माणसांच्या गर्दीला तीन सवयी असतात. पहिली म्हणजे तिला झोप लागते. तासातासाचे आकडे उपलब्ध असतील तर भारतीय वाचकांची वर्दळ मध्यरात्रीनंतर ओसरलेली आणि सकाळपासून चढत गेलेली दिसते. दैनंदिन आकड्यांत या सवयीचे दुसरे रूप दिसते. पहिल्या एक-दोन दिवशी शिखर, मग रोज उतरती पायरी, आणि पाच-सात दिवसांनी जुन्या पातळीच्या थोडे वर स्थिरावणे. ही शेपटी फार बोलकी असते. व्हॉट्सॲपवरील संदेश एका गटातून दुसऱ्या गटात जायला वेळ लागतो, काही जण तो उशिरा उघडतात. त्यातूनच ती लांबते.

दुसरी सवय साधनाची. आपल्या किल्ल्याचे नेहमीचे ४० पैकी ३० व्ह्यूज मोबाइलवरून येत. समाजमाध्यमांवरून आलेली गर्दी हातात फोन घेऊनच येते. त्यामुळे हे प्रमाण तसेच राहील किंवा वाढेल. ६,२०० पैकी ५,४०० मोबाइलवरून आले असतील, तर चित्र पटण्यासारखे आहे. ६,२०० पैकी ६,१५० संगणकावरून आले असतील, तर नाही. इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक वाचलेल्या लेखांची साप्ताहिक यादी करणारे स्वयंसेवक अनेक वर्षे हीच कसोटी वापरत आले आहेत. मोबाइलवरील वाचन जवळजवळ शून्य किंवा जवळजवळ शंभर टक्के असलेले लेख ते संशयित मानून यादीतून वगळतात. खऱ्या गर्दीत साधनांची सरमिसळ असतेच.

तिसरी सवय कुतूहलाची. माणूस एक पान वाचून आतल्या दुव्यांवर टिचकी मारतो. किल्ल्याच्या लेखावर सहा हजार माणसे आली असतील, तर तो ज्या डोंगररांगेत आहे तिच्या लेखावर, शेजारच्या किल्ल्यावर, तिथे लढलेल्या सरदारावर आणि इंग्रजी विकिपीडियावरील त्याच किल्ल्याच्या लेखावरही काही शिंतोडे उडायला हवेत. काही जण लेखात दुरुस्त्या करतील, क्वचित कुणी वाद घालतील. लेखाचा ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने त्याची साक्ष देतात. कार्टर यांच्या निधनानंतर इंग्रजी लेखाला एका दिवसात २८ लाखांहून अधिक व्ह्यूज मिळाले. त्याच वेळी अनेकांनी रोनाल्ड रेगन यांच्याशी झालेल्या त्यांच्या १९८०च्या वादसभेची दीड तासाची चित्रफीतही उघडली. एका बातमीने दोन ठिकाणी गर्दी केली, हे मानवी कुतूहलाचे लक्षण.

यंत्रांची चाल

बॉटचा आलेख याच्या नेमका उलट दिसतो. तो एका दिवसात शून्यातून शिखरावर जातो, तिथे सपाट राहतो आणि बटण बंद केल्यासारखा खाली येतो. सोमवारी ६,२००, मंगळवारी ६,१८०, बुधवारी ६,२१०, गुरुवारी पुन्हा ४१. असा पठारासारखा आलेख माणसांच्या गर्दीतून जवळजवळ कधीच तयार होत नाही. शेजारच्या लेखांवर शिंतोडे नसतात. साधन एकाच प्रकारचे असते. बहुतेकदा ते संगणकाचे असते, कारण सोंग घेताना साध्या ब्राउझरचे नाव लावणे सोपे जाते.

दुसऱ्या प्रकारचा बॉट एका लेखावर तुटून पडत नाही. तो वर्णानुक्रमाने किंवा दुव्यांमागून हजारो लेख एकेकदा उचलतो. मोठी भाषा-प्रारूपे तयार करण्यासाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटमुळे ही वर्दळ अलीकडे फार वाढली. वर्षानुवर्षे कुणी न वाचलेली पाने एकाच आठवड्यात दोन-तीन वेळा उघडली गेलेली दिसतात. विकिमीडियाने एप्रिल २०२५मध्ये या भाराचा हिशेब मांडला. पानांच्या एकूण व्ह्यूजमध्ये बॉटचा वाटा सुमारे ३५ टक्के, पण सर्वांत खर्चिक वाहतुकीत मात्र किमान ६५ टक्के. कारण सोपे आहे. लोकप्रिय पाने वाचकाजवळच्या सर्व्हरवर तयार ठेवलेली असतात. अडगळीतील पान मागितले की ते दूरच्या मुख्य केंद्रातून आणावे लागते आणि ते महाग पडते. ही वाहतूक आधीच चढलेली असताना कार्टर यांच्या चित्रफितीची गर्दी आली आणि काही जोडण्या सुमारे तासभर पूर्ण भरून गेल्या. कुठली लाट माणसांची आणि कुठली यंत्रांची हे ओळखणे हा इथे कुतूहलाचा विषय राहत नाही. वाचकाला पान वेळेवर मिळते की नाही, ते त्यावर ठरते.

फुलाचे रहस्य

आता पुन्हा त्या जांभळ्या फुलाकडे वळता येईल. मोजणीत दोष होता काय? नव्हता; सर्व्हरवर तेवढ्या मागण्या खरोखर येत होत्या. बॉट होता काय? तसे म्हणावे, तर मागण्या असंख्य, परस्परांशी संबंध नसलेल्या आयपी पत्त्यांवरून येत होत्या आणि त्यांना दिवस-रात्रीची लय होती. रात्री ओहोटी, दिवसा भरती. ही माणसांची खूण. मग गर्दी खरी होती काय? तर तेही नाही. कारण कुतूहलाची तिसरी खूण पूर्णपणे गायब होती. फुलाच्या लेखावर, त्या जातीच्या इतर चित्रांवर, कुठेच काही हालचाल नव्हती.

दोन कसोट्या माणूस म्हणत होत्या, एक नाही म्हणत होती. या विसंगतीतूनच तंत्रज्ञांनी अंदाज बांधला की, भारतात वापरले जाणारे एखादे मोबाइल ॲप हे चित्र थेट विकिमीडियाच्या सर्व्हरवरून ओढत असावे. वाढ कधी सुरू झाली, हे पाहता ती जून २०२०मध्ये गेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली होती आणि पर्यायी देशी ॲपकडे लोकांचा ओघ वळला होता. लोकप्रिय भारतीय ॲप एकेक उघडून, ती कोणकोणत्या पत्त्यांशी संपर्क साधतात, हे तपासल्यावर गुन्हेगार सापडला. ते ॲप सुरू होताच फुलाचे चित्र मागवले जाई, पण पडद्यावर ते दाखवले जात नसे. कोट्यवधी माणसे रोज ते ॲप उघडत होती. फूल मात्र त्यांच्यापैकी कुणालाच दिसत नव्हते.

‘हिट’ आणि ‘व्ह्यू’ यांतील फरक इथे उघडा पडतो. हिट म्हणजे सर्व्हरकडे आलेली मागणी. व्ह्यू म्हणजे कुणीतरी पाहिले असावे, असा त्यावरून काढलेला निष्कर्ष. मागणीमागे माणूस असला तरी पाहणे असतेच, असे नाही.

कसोट्यांनाही फसवता येते

या सगळ्या खुणा बॉट बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतात, ही या शोधाची खरी मर्यादा. मे २०२५च्या सुमारास विकिपीडियावर मानवी वाटणारी वर्दळ अचानक वाढली. तिचा मोठा भाग ब्राझीलमधून येत होता. एकाच देशातून आलेली अशी वाढ पाहून तज्ज्ञांना शंका आली. त्यांनी बॉट ओळखण्याचे नियम सुधारले आणि मार्च ते ऑगस्ट या महिन्यांची आकडेवारी नव्याने वर्गीकृत केली. मे आणि जूनमधील वाढीपैकी बरीच वाढ ओळख चुकवण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या बॉटची निघाली. तो थर खरवडून काढल्यावर खाली जे दिसले, ते अधिक अस्वस्थ करणारे होते. मानवी वाचन वाढले तर नव्हतेच, उलट २०२४मधील त्याच महिन्यांच्या तुलनेत ते सुमारे ८ टक्क्यांनी घटले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये संस्थेने हे जाहीर केले. बॉटच्या गर्दीने केवळ खोटे यश दाखवले नव्हते; तिने खरी घट झाकून ठेवली होती.

म्हणून `user` या शब्दाखाली दिसणारा आकडाही अंतिम सत्य मानू नये. तो त्या दिवशीच्या नियमांनुसार काढलेला अंदाज असतो आणि नियम सुधारले की मागील महिन्यांचे आकडेही बदलू शकतात. जो आकडा पाहून निर्णय घेतला, तो कोणत्या तारखेला पाहिला, हे नोंदवून ठेवणे त्यासाठीच उपयोगाचे.

गिरिदुर्गाच्या त्या ६,२०० व्ह्यूजचा निकाल आता लावता येतो. शेजारचे लेख स्थिर असल्याने मोजणीतील दोष बाद झाला. मोबाइलचे प्रमाण नेहमीसारखे असेल, डोंगररांगेच्या लेखावरही चार-पाचशे नवे व्ह्यूज दिसत असतील आणि मंगळवारी आकडा ३,०००, बुधवारी १,४०० असा उतरत गेला असेल, तर कुठेतरी तो दुवा माणसांच्या हातून फिरला आहे. लेखातील चुका तातडीने दुरुस्त करण्याची हीच वेळ. आकडा पठारासारखा राहिला असेल आणि शेजारी शुकशुकाट असेल, तर आनंद मानण्याचे कारण नाही. खुणा परस्परविरोधी असतील, तर मात्र आठवडाभर थांबून आलेखाची शेपटी पाहिल्याखेरीज मत बनवू नये. पहिल्या दिवशीच्या आकड्यावरून शिखराची उंची कळते; ते शिखर कशाचे आहे, हे उतरणीवरच कळते.